‘गोल्ड’मध्ये नक्की काय मिळतं?

प्रश्न: ताई, नमस्कार. बेळगावात वडगाव भागात माझा फोटो स्टुडिओ आहे. मराठी-कानडी दोन्ही घरांची लग्नं करतो, खानापूर, निपाणी, चंदगडपर्यंत जातो. भाच्यानं पॅकेजचं पान करून दिलंय, ते असं:

सिल्व्हर ₹३५,००० – एक दिवस, ट्रॅडिशनल फोटो व व्हिडिओ, ३० शीट करिझ्मा अल्बम, पेनड्राइव्ह.
गोल्ड ₹६५,००० – हळद व लग्न, ट्रॅडिशनल + कॅन्डिड, ६० पानी प्रीमियम अल्बम, फुल एचडी व्हिडिओ, हायलाइट, एक फ्रेम.
प्लॅटिनम ₹१,१०,००० – प्री-वेडिंग, हळद, लग्न, रिसेप्शन, कॅन्डिड, सिनेमॅटिक, ड्रोन, दोन अल्बम, टीझर, रील, सर्व काही.
खाली बारीक अक्षरात: प्रवास, निवास, जादा तास, जादा शीट, ड्रोन, एलईडी वॉल, हार्ड डिस्क यांचे दर वेगळे. जीएसटी वेगळा. अटी लागू.

लोक हे वाचून फोन करतात आणि विचारतात, ‘गोल्डमध्ये काय काय येतं हो?’ आणि लग्नानंतर बिल दिलं की ‘हे तर सांगितलंच नव्हतं.’ जीएसटी नंबर आहे, दर वाजवी आहेत. मग घोळ कुठे होतोय?

– एक छायाचित्रकार, वडगाव, बेळगाव

उत्तर: भाऊ, आधी नुसता अल्बम बघू. सिल्व्हरमध्ये ‘३० शीट’ आणि गोल्डमध्ये ‘६० पानी’. तुमच्या धंद्यातला कोणीही सांगेल की हा एकच अल्बम आहे. बारा बाय छत्तीसचा अल्बम उघडला की समोर जो सलग पट्टा दिसतो ती एक शीट, आणि तिची दोन पानं. पण मुलीचे वडील हे पान वाचतात तेव्हा त्यांना तीसच्या जागी साठ दिसतात. अल्बम दुप्पट मोठा मिळणार, असं समजून ते गोल्ड ठरवतात. अल्बम हातात आल्यावर भावाच्या लग्नाच्या सिल्व्हर अल्बमशेजारी ठेवून बघतात आणि मग तुम्हाला फोन येतो. तुम्ही कोणाला फसवायला निघाला नव्हतात हे मला दिसतंय. पॅकेजं वेगवेगळ्या वेळी लिहिली गेली असणार आणि प्रत्येक वेळी जो शब्द सुचला तो पडला असणार. वाचणाऱ्याला मात्र त्यातलं काही कळत नाही.

आता फ्रेम बघा. ती गोल्डमध्ये आहे, प्लॅटिनमच्या यादीत नाही. हायलाइटचंही तसंच. सगळ्यात जास्त पैसे मोजणाऱ्याला फ्रेम मिळणार की नाही? तुम्ही म्हणाल, ‘सर्व काही’त आलीच की. मग त्याच ‘सर्व काही’त खानापूरचा प्रवास येतो का? आणि ड्रोन? तो प्लॅटिनममध्येही आहे आणि खालच्या ‘दर वेगळे’मध्येही आहे. म्हणजे प्लॅटिनमवाल्यानं ड्रोनचे पैसे द्यायचे की नाहीत, हे तुमच्या पानावरून कोणालाच सांगता येणार नाही. ‘सर्व काही’ हे दोन शब्द आजच काढा. बिलाच्या वेळी भांडणाऱ्या माणसाच्या हातात तुम्ही स्वतः दिलेलं ते हत्यार आहे.

घोळ इथेच आहे. तुमच्या पानावर तीन पॅकेजांची तीन वर्णनं आहेत, पण तुलना कुठेच नाही. तुलना व्हायची तर तिन्हींना एकच प्रश्न, त्याच क्रमानं, त्याच मापात विचारावा लागतो. सिल्व्हर ‘एक दिवस’ म्हणतं, गोल्ड ‘हळद व लग्न’ म्हणतं, प्लॅटिनम चार कार्यक्रमांची नावं घेतं. एक वेळेत मोजतंय, बाकीची दोन्ही कार्यक्रमांत. घरच्या माणसांना हे मनातल्या मनात एका मापात आणता येत नाही, म्हणून ते सरळ तुम्हाला फोन लावतात.

तर करायचं असं. जे तिन्हींत सारखं आहे ते आधी बाहेर काढा आणि वर एकदाच लिहा: ‘तिन्ही पॅकेजांत ट्रॅडिशनल फोटो आणि व्हिडिओ, दुरुस्त केलेले सगळे फोटो पेनड्राइव्हवर, अल्बमचं डिझाइन आणि दोनदा बदल.’ (दोनदा की तीनदा ते तुम्ही ठरवा, पण आकडा लिहा. अल्बमचं डिझाइन सातव्यांदा बदलून देणारे फोटोग्राफर मी बघितले आहेत.) एवढं बाहेर गेलं की खाली फक्त फरक उरतो, आणि लोकांना फरकच बघायचा असतो.

नावंही बदला, असं मी म्हणेन. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही नावं प्रत्येक गल्लीतल्या स्टुडिओकडे आहेत आणि त्यातून आत काय आहे हे कळत नाही. तुमची तीन पॅकेजं मुळात कार्यक्रमांवर बेतलेली आहेत. मग त्यांना तशीच नावं द्या: ‘लग्न’, ‘हळद-लग्न’, ‘हळद ते रिसेप्शन’. घरात आजी असतील तर त्यांनाही नाव ऐकूनच कळेल की आपल्याला कुठलं लागणार.

तुमच्याच मजकुरावरून मी पान असं मांडून बघितलं. तास, माणसं असे जे आकडे तुम्ही दिले नव्हते ते मी उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे घाला.

| | लग्न | हळद-लग्न | हळद ते रिसेप्शन |
|---|---|---|---|
| एकूण किंमत, जीएसटीसह | ₹४१,३०० | ₹७६,७०० | ₹१,२९,८०० |
| कार्यक्रम | लग्न | हळद, लग्न | प्री-वेडिंग, हळद, लग्न, रिसेप्शन |
| किती वेळ | १० तास | ४ + १० तास | ४ + १० + ४ तास, प्री-वेडिंग अर्धा दिवस |
| किती माणसं | २ | ३ (१ कॅन्डिड) | ५ (१ कॅन्डिड, १ सिनेमॅटिक, १ ड्रोन) |
| अल्बम | १, ३० शीट, सुमारे १५० फोटो | १, ३० शीट, सुमारे १५० फोटो | तोच, २ प्रती |
| व्हिडिओ | पूर्ण | पूर्ण, हायलाइट | पूर्ण, हायलाइट, सिनेमॅटिक, टीझर, रील |
| ड्रोन | नाही | नाही | आहे |
| फ्रेम | नाही | १ | १ |

दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. जिथे काही नाही तिथे जागा रिकामी सोडली नाही, ‘नाही’ असं लिहिलं. रिकामा चौकोन दिसला की प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. आणि ‘प्रीमियम’ शब्द गेला. तुमच्या गोल्डच्या अल्बमचा कागद किंवा कव्हर खरंच वेगळं असेल तर तो फरक नावानिशी लिहा, म्हणजे मॅट की ग्लॉसी, कव्हर लेदरचं की ॲक्रिलिकचं. फरक नसेल तर नुसत्या ‘प्रीमियम’चा काही उपयोग नाही. ‘फुल एचडी’चंही तेच. घरच्यांना विचारायचं असतं की व्हिडिओ किती लांब असेल, मंगलाष्टका पूर्ण येतील का, आहेर येईल का. ‘पूर्ण व्हिडिओ’च्या खाली बारीक अक्षरात ‘साधारण दोन तास, विधी सलग’ आणि ‘हायलाइट चार-पाच मिनिटं, गाण्यावर’ एवढं लिहिलंत तर त्यांचा अर्धा संशय जातो.

अल्बमच्या ओळीत मी शीटबरोबर फोटोंचा आकडा घातलाय, कारण जादा शीटचं भांडण तिथून उगवतं. ग्राहक जादा शीट कधीच मागत नाही. तो फोटो निवडतो. तुम्ही हजारभर फोटो पाठवता, मावशी म्हणते हा राहू दे, आत्या म्हणते तो पण राहू दे, आणि यादी दोनशेवर जाते. एका शीटवर पाच फोटो धरले तर तिसांत दीडशे बसतात, दोनशेंना चाळीस शीट लागतात. तुमच्या दृष्टीनं दहा शीट वाढल्या. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी फक्त फोटो निवडले. ‘३० शीट, सुमारे १५० फोटो, पुढे दर शीटला ₹५००, तिच्यात साधारण ५ फोटो’ हे एकाच ठिकाणी वाचलं की मावशी आणि आत्या आपसांत ठरवतात, तुम्हाला मध्ये पडावं लागत नाही.

यातच जादा दरांबद्दलची खरी गोष्ट येते. तुमच्या तळटीपेत सात-आठ गोष्टी एका वाक्यात कोंबल्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. एलईडी वॉल, हार्ड डिस्क, हळद-लग्नवाल्यानं मागितलेला ड्रोन, अल्बमची दुसरी प्रत या गोष्टी ग्राहक स्वतःहून मागतो. त्याला माहीत असतं की आपण काहीतरी जास्तीचं घेतोय, म्हणून त्यांवर सहसा वाद होत नाही. त्यांची दरांसह एक छोटी यादी तक्त्याखाली दिली की झालं. प्रवास, जादा तास, जादा शीट, मुक्काम आणि जीएसटी मात्र कोणी मागत नाही, ते आपोआप लागतात. ‘सांगितलंच नव्हतं’ हे वाक्य फक्त यांच्याच बाबतीत ऐकू येतं. म्हणून यांना तळाला ठेवायचं नाही. किंमतीच्या ओळीखाली, तक्त्याच्या जवळच, त्याच आकाराच्या अक्षरात.

जादा तासाबद्दल: ‘जादा तास ₹२,०००’ असं लिहून थांबू नका. दर माणशी की सगळ्या टीमचे मिळून? तीन माणसांच्या टीमला दर माणशी दोन हजार म्हणजे तासाला सहा हजार होतात. ‘सगळ्या टीमचे मिळून, दर तासाला’ असं लिहा. तास कधीपासून मोजायचे हेही लिहा, कारण आपल्याकडे अक्षता दुपारी असल्या तरी तुमची माणसं सकाळी नवरीच्या मेकअपपासून उभी असतात. ‘टीम कार्यालयात पोचल्यापासून’ हे सगळ्यात सरळ माप. आणि अर्ध्या तासापर्यंत उशीर झाला तर पैसे नाहीत, असं ठेवा. लग्नात अर्धा तास कोणाच्या हातात नसतो, आणि त्याचे हजार रुपये मागितले की तेच लक्षात राहतं.

प्रवासाला किलोमीटरचा दर देऊ नका. ‘₹१५ प्रति किमी’ वाचून कोणालाही कळत नाही की ते स्टुडिओपासून की शहराच्या हद्दीपासून, जाण्याचे की जाऊन-येऊन, आणि हत्तरगी-कोगनोळीचा टोल त्यात धरला की नाही. आपल्या भागात गावांची नावं घेतली की काम होतं. ‘बेळगाव शहर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा: काही नाही. खानापूर तालुका, चंदगड: दर दिवशी ₹२,५००. निपाणी, चिकोडी: दर दिवशी ₹४,०००, टोल धरून. कोल्हापूर, गोवा: फोनवर विचारा, मुक्काम धरून एकच आकडा सांगू.’ चार ओळींत विषय संपतो. वाचणारा आपल्या गावाचं नाव शोधतो आणि आकडा वाचतो. शेवटच्या ओळीत ‘विचारा’ म्हटलं तरी चालतं, कारण तिथली लग्नं कमी आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पण ‘विचारा’ हे उत्तर एकाच ओळीत शोभतं. सगळीकडे तेच लिहिलं की पानाचं काम पुन्हा फोनवर आलं.

ड्रोनला बेळगावात एक वेगळी टीप लागते. सांबऱ्याचा विमानतळ आहे, शेजारी हवाई दलाचं ठाणं आहे, आणि शहरात मराठा लाइट इन्फन्ट्रीमुळे लष्करी हद्दही मोठी आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय कितीही उंचीवर उडवता येत नाही, आणि आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांच्या वर जायचं तर परवानगी लागते. सरकारी ड्रोन-नकाशावर लाल दाखवलेल्या भागाची गोष्ट आणखी कडक. म्हणजे कार्यालय कुठे आहे यावर ड्रोन उडेल की नाही हे ठरतं. डिजिटल स्कायच्या त्या नकाशावर तुम्ही नेहमी जाता ती कार्यालयं एकदा तपासून ठेवा. आणि पानावर लिहा: ‘ड्रोन जागेच्या परवानगीवर अवलंबून. उडवता आला नाही तर ₹८,००० बिलातून वजा.’ हे ‘वजा’ महत्त्वाचं. ज्याला वजा होणारी रक्कम आधीच दिसते, तो ऐनवेळी ड्रोन उडाला नाही म्हणून पूर्ण बिल अडवून धरत नाही.

जीएसटीवर तुम्हाला थोडं कडू लागेल असं सांगते. फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के लागतो. ‘६५,००० + जीएसटी’ म्हणजे घरच्याच्या खिशातून ७६,७०० जाणार. वधूपित्याला त्या जीएसटीचा परतावा मिळत नाही, त्याच्यासाठी तो सरळ खर्च आहे. मग किंमत म्हणून ६५,००० दाखवणं म्हणजे त्याच्या मनात एक आकडा पक्का करून मग तो मोडणं. मी तक्त्यात सगळ्या किंमती जीएसटीसह घातल्या आहेत ते यासाठीच. तुम्हाला वाटेल, शेजारचा ६५,००० लिहितोय आणि मी ७६,७०० लिहिले तर माझ्याकडे कोण येणार? किंमतीखालीच लिहा: ‘यात ₹११,७०० जीएसटी आला. याहून वेगळा कर लागणार नाही.’ त्यावरून ग्राहक शेजाऱ्याला स्वतःच विचारतो, ‘तुमच्यात जीएसटी धरलाय का?’ आणि एक लक्षात ठेवा: प्रवास आणि जादा तासांची रक्कमही त्याच बिलात येते, तिच्यावरही कर बसतो, म्हणून वरचे छोटे दरही करासह ठरवून लिहा. (तुमच्या ओळखीतले जे कंपोझिशन स्कीममध्ये आहेत किंवा ज्यांनी नोंदणीच केलेली नाही, त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. त्यांच्या पानावर ‘जीएसटी वेगळा’ दिसलं तर त्यांनाही सांगा.)

आता हे सगळं एका लग्नावर लावून बघू. नंदगडचं घर आहे. हळद आदल्या संध्याकाळी घरी, लग्न दुसऱ्या दिवशी खानापुरात कार्यालयात. ‘हळद-लग्न’ घेतलं: ₹७६,७००. दोन दिवस खानापूर तालुका, दर दिवशी अडीच हजार: ₹५,०००. हळदीला टीम पाचला पोचली, नऊला चार तास भरले. पण हळदीनंतर पोरांनी डीजे लावला आणि अकरा वाजले. दोन तास: ₹४,०००. फोटो निवडले दोनशे, म्हणजे चाळीस शीट, दहा जादा: ₹५,०००. एकूण ₹९०,७००.

जुन्या पानावर या घरानं ६५,००० वाचले असते. बिल त्याहून २५,७०० नं जास्त आलं असतं. यातला एक रुपयाही तुम्ही उगाच लावलेला नाही, पण त्यातले ११,७०० जीएसटीचे आणि १४,००० आपोआप लागलेले, आणि दोन्ही तळटीपेत. नव्या पानावर ते घर सुरुवातच ७६,७०० नं करतं, प्रवासाचे पाच हजार स्वतः मिळवतं, आणि डीजे लावण्याआधी घड्याळ बघतं. बिल तेच येतं, पण धक्का बसत नाही.

हाच हिशेब तक्त्याच्या खाली ‘एका लग्नाचा नमुना हिशेब’ म्हणून चार-पाच ओळींत छापा. दहा नियम वाचून जे कळत नाही ते एका बेरजेतून कळतं. गावाचं नाव घ्या, ग्राहकाचं घेऊ नका.

पान बाहेर देण्याआधी आणखी एक बेरीज तुमच्या स्वतःसाठी करा, ती ग्राहकाला दाखवायची नाही. मधल्या पॅकेजातून वरच्यात जायला ₹५३,१०० जास्त लागतात. त्या पैशात जे जे जास्त मिळतं ते सुटं घेतलं तर किती होतं? समजा प्री-वेडिंग २०,०००, रिसेप्शन १५,०००, सिनेमॅटिक व टीझर १२,०००, ड्रोन ८,०००, अल्बमची दुसरी प्रत १२,०००. बेरीज ६७,०००. म्हणजे सगळं हवं असणाऱ्याचे वरच्या पॅकेजात १३,९०० वाचतात, ठीक आहे. ही बेरीज ५३,१०० च्या खाली आली असती तर तुमचं वरचं पॅकेज कोणीच घेतलं नसतं. हुशार ग्राहक मधलं घेऊन सुटं सुटं जोडत बसला असता. आत्तापर्यंत हे झाकलं गेलं, कारण पान कोणाला धड कळत नव्हतं. तक्ता स्वच्छ झाला की दरांमधल्या चुकाही उघड्या पडतात, म्हणून दर आधी तपासा आणि मग छापा. ज्याला फक्त ड्रोन आणि रिसेप्शन जोडायचंय त्याला मधलंच स्वस्त पडेल, ९९,७०० मध्ये. पडू दे. त्याला वरचं विकायला गेलात तर पानावरून त्याला कळणारच आहे.

भाच्यासाठी एक-दोन गोष्टी. हे पान बहुतेक घरं मोबाइलवर बघणार, तिथे चार रकाने शेजारी शेजारी बसत नाहीत. ‘रिसेप्शन’ शब्दाचे दोन तुकडे होतात आणि आकडे ओळीच्या खाली घसरतात. मोबाइलवर डावा रकाना काढून टाकायला सांगा. ‘किती माणसं’ ही पूर्ण रुंदीची ओळ, आणि तिच्याखाली तीन उत्तरं शेजारी शेजारी. तीन रकाने नीट बसतात. तीन पॅकेजं एकाखाली एक लांबच लांब कार्डांत मात्र मांडू नका, आत्ता बहुतेक तशीच असणार. तिसरं वाचेपर्यंत पहिलं डोक्यातून जातं आणि तुलना पुन्हा संपते. पॅकेजांच्या नावांची आणि किंमतीची ओळ, दोन्ही `thead`मध्ये ठेवून, वर चिकटून राहू दे:

```
thead { position: sticky; top: 0; background: #fff; }
```

चिकटत नसेल तर टेबलाभोवतीच्या चौकटीला `overflow-x: auto` लावलंय का ते बघायला सांगा. बहुतेक तेच कारण निघतं. व्हॉट्सॲपवर पाठवायला चित्र करणार असाल तर रुंदी १०८० पिक्सेल ठेवा आणि त्यात अक्षरं ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नका. साध्या फोनवर ते चित्र तिसऱ्या हिश्श्याइतकं दिसतं, आणि ते वाचणारे मामा चष्मा दुसऱ्या खोलीत ठेवून आलेले असतात.

कानडी पान वेगळं करा, पण तोच तक्ता, तोच ओळींचा क्रम ठेवा, आणि आकडे दोन्हीकडे 1, 2, 3 असेच. तुमच्याकडे असं घर येणारच की मुलगी मराठी, मुलाकडचे कानडी, आणि दोन्ही मामा आपापलं पान उघडून फोनवर बोलतायत. तिसरी ओळ दोन्हीकडे तीच असली की बोलणं जुळतं. एका पानावर दोन्ही भाषा एकाखाली एक कोंबल्या तर तक्ता दुप्पट होतो आणि कोणालाच वाचता येत नाही.

अल्बम मिळण्याची मुदत लिहिताना ‘लग्नानंतर दोन महिन्यांत’ असं लिहू नका. फोटो निवडायला काही घरं सहा महिने लावतात आणि उशिराचा दोष तुमच्यावर येतो. ‘फोटोंची निवड कळवल्यापासून ४५ दिवस’ असं लिहा.

पान तयार झालं की स्टुडिओबाहेरच्या कोणाला तरी द्या, ज्याचं लग्नकार्य जवळ आहे पण जो तुमचा ग्राहक नाही. त्याला नंदगडचा प्रश्न घाला: हळद, लग्न, दोनशे फोटो, हळदीला दोन तास उशीर, किती होतील? तुम्ही गप्प बसा. तो नव्वद हजारांच्या आसपास पोचला तर पान चाललं. मध्येच त्यानं मान वर करून तुम्हाला काही विचारलं, तर तो प्रश्न लिहून घ्या आणि ज्या ओळीजवळ तो अडला तिथेच उत्तर घाला. तळटीपेत घालू नका.

आणि पानावर वर कोपऱ्यात दरांची मुदत टाका, ‘पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंतच्या तारखांसाठी’ अशी, वर्षासकट. जुनं चित्र घराघरांच्या ग्रुपवर फिरतच राहतं आणि दोन वर्षांनी कोणीतरी तेच दाखवून दर मागायला येतं.